फार्महाऊसवरच्या लग्नाची पत्रिका : नकाशा आणि रस्त्याचं वर्णन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी पुण्यात लग्नपत्रिकांचं डीटीपी करतो. पूर्वी पत्रिकेत ‘स्थळ’ म्हणून कार्यालयाचं नाव आणि पेठ एवढं लिहिलं की भागायचं. आता निम्मी लग्नं मुळशी, भोर, वेल्हे किंवा सासवडच्या बाजूला फार्महाऊसवर असतात. ‘स्थळा’च्या दोन ओळींत ते बसत नाही आणि मग यजमान विचारतात, “मागच्या पानावर एक छोटा नकाशा टाकता येईल का?” येतो की. पण पत्रिकेतला नकाशा बहुतेक वेळा ज्याला रस्ता पाठ आहे त्यानेच काढलेला असतो, आणि घोळ तिथेच होतो.

समजायला सोपं जावं म्हणून खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय : पुणे–पौड रस्त्यावर घोटवडे फाट्याच्या पुढे, आत गावात असलेलं एक फार्महाऊस. मोठ्या रस्त्यावरची नावं खरी आहेत. आतलं फार्महाऊस, त्याच्या खुणा, अंतरं आणि तिथे घडलेलं सगळं उदाहरणापुरतं रचलेलं आहे.

लोकेशन तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणारच आहोत. मग नकाशा कशाला?

लोकेशन जरूर पाठवा. फक्त शेवटच्या दोन किलोमीटरला ते दगा देऊ शकतं आणि पाहुणे नेमके तिथेच अडकतात.

अ‍ॅप काय करतं ते पाहा. पिन लॉनच्या मधोमध असली, तर त्या पिनच्या सगळ्यात जवळून जो रस्ता जातो तिथवर ते तुम्हाला नेतं. फार्महाऊस दहा एकरांचं असेल आणि मागच्या कुंपणाला लागून पाणंद किंवा कॅनॉलचा रस्ता जात असेल, तर लॉनपासून तोच जवळ पडतो. एका लग्नात मी स्वतः पाहुणा होतो. आमच्या तीन गाड्या अशाच कॅनॉलवर पोचल्या. तारेच्या कुंपणापलीकडे मांडव दिसत होता, सनई ऐकू येत होती, पण आत जायला वाट नव्हती. मागे फिरायचं तर रस्ता एका गाडीपुरताच. काकू शालू सावरत कुंपणाखालून जायला निघाल्या होत्या, त्यांना आम्ही आवरलं.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे पिन गेटवर टाकणं. फार्महाऊसच्या नावाने आधीच असलेली पिन तशीच पुढे पाठवू नका. गेटसमोर रस्त्यावर उभं राहून नवी पिन टाका आणि ती पाठवा.

हे केलं तरी नकाशा लागतोच, आणि त्याची कारणं साधी आहेत. आतल्या वाड्यांमध्ये नेटवर्क येतं-जातं. गाडी चालवणाऱ्याकडे फोन नसतो, फोन मागच्या सीटवरच्या भाच्याकडे असतो आणि तो गेम खेळत असतो. शिवाय ज्यांच्यासाठी आपण पत्रिका छापतो ती मोठी मंडळी रस्ता अजूनही विचारत विचारत जातात. विचारायचं तर खुणेचं नाव माहीत हवं. “पिन कुठे आहे?” असं पारावर बसलेल्या माणसाला विचारता येत नाही.

नकाशा कुठून सुरू करायचा? घरापासून, स्टेशनपासून?

सगळ्या पाहुण्यांना माहीत असलेलं, किंवा न चुकता सापडेल असं जे शेवटचं ठिकाण आहे, तिथून. त्याच्या अलीकडचा रस्ता नकाशात नको, एका ओळीत लिहिला की पुरे.

आमच्या उदाहरणात ते ठिकाण म्हणजे घोटवडे फाटा. पुण्याहून येणारे चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट असे येतात. मुंबईहून येणारे बरेच जण हिंजवडीकडून घोटवड्यामार्गे येतात. दोन्ही प्रवाह फाट्यावर एकत्र होतात. इथे एक बारकावा आहे : पुण्याच्या मंडळींना फाट्यावर वळायचंच नाही, सरळ पौडकडे जायचंय. मुंबईच्या मंडळींना मात्र मोठ्या रस्त्याला लागताना उजवीकडे वळायचंय. “घोटवडे फाट्यावरून उजवीकडे” एवढंच छापलंत, तर पुण्याचे सगळे आज्ञाधारक पाहुणे हिंजवडीच्या दिशेने निघतील. फाट्याच्या आधीची ओळ प्रत्येक दिशेसाठी वेगळी लिहा आणि फाट्यानंतरची सगळ्यांसाठी एकच.

चांदणी चौकापासून नकाशा काढायचा मोह होतो, कारण नाव सगळ्यांना ठाऊक आहे. तो आवरा. तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवी उड्डाणपुलांची रचना सुरू झाली. “चौकातल्या पुलाखालून डावीकडे” हे ज्यांच्या डोक्यात बसलंय त्यांना आज तो पूलच दिसत नाही, आणि नवा गुंता दोन इंचांत काढायला गेलात तर शेवयांचं ताट होतं. “चांदणी चौकात ‘पौड, मुळशी’च्या पाट्या पाहून या” असं लिहिलं की काम झालं. तिथल्या पाट्या आपल्या नकाशापेक्षा मोठ्या आणि चांगल्या आहेत.

नकाशात उत्तर वर हवी ना? सासरे शिक्षक होते, ते अडून बसलेत.

सासऱ्यांना नमस्कार सांगा, पण पत्रिकेतला नकाशा भूगोलाच्या पेपरातला नाही. गाडी ज्या दिशेने जातेय ती दिशा वर ठेवा.

फाट्यावरून पौडकडे जाताना आपण साधारण पश्चिमेला जातो. उत्तर वर ठेवली तर हा रस्ता कागदावर उजवीकडून डावीकडे जातो, आणि डावं वळण कागदावर खाली जातं. वाचणारा कागद फिरवतो, मग अक्षरं उलटी होतात, मग शेजारचा म्हणतो “दे इकडे”. त्याऐवजी फाटा कागदाच्या तळाशी ठेवा आणि पौड वर. पुण्याचा रस्ता खालून येईल, हिंजवडीचा उजवीकडून येऊन मिळेल आणि डावं वळण कागदावरही डावीकडेच जाईल. सासऱ्यांच्या समाधानासाठी कोपऱ्यात उत्तरेचा छोटा बाण काढा. या नकाशात तो उजवीकडे तोंड करून असेल.

मला चित्रकला येत नाही. नेमका काढायचा कसा?

चौकोनी कागद, पेन्सिल आणि खोडरबर. पत्रिकेचं पान साधारण पाच बाय सात इंचांचं असतं, त्यात नकाशाला फार तर चार बाय चार इंच मिळतात. तेवढाच चौकोन आखा आणि त्यातच काढा. मोठा काढून नंतर लहान केला की अक्षरं मुंग्यांएवढी होतात.

आधी फक्त रस्ते काढा, नावं नकोत. मोठा रस्ता दोन समांतर रेघांनी, गावातला डांबरी रस्ता एका जाड रेघेने, कच्चा रस्ता तुटक रेघेने. वळणावळणाचा रस्ता सरळ करून टाका. रस्त्याच्या नागमोडी चालीशी पाहुण्याला कर्तव्य नाही, त्याला फक्त कुठे वळायचं ते हवंय. जो फाटा घ्यायचा नाही तोही अर्धा सेंटिमीटर तरी दाखवा, नाहीतर तो समोर आला की माणूस गोंधळतो. पण फक्त तेवढाच. गावातल्या सगळ्या गल्ल्या काढू नका.

प्रमाणाची फिकीर सोडा. फाट्यापासून कमानीपर्यंतचा अडीच किलोमीटरचा सरळ रस्ता तीन सेंटिमीटरमध्ये दाबून टाका आणि कमानीपासून गेटपर्यंतच्या दोन किलोमीटरला उरलेली सगळी जागा द्या, कारण वळणं तिथेच आहेत. मात्र दोन गोष्टींत लबाडी चालत नाही : खुणांचा क्रम आणि त्या कोणत्या हाताला आहेत ते. देऊळ उजव्या हाताला असेल तर कागदावरही रस्त्याच्या त्याच अंगाला हवं. खाली ‘नकाशा प्रमाणबद्ध नाही’ असं बारीक लिहा आणि प्रत्येक तुकड्यापाशी अंतर टाका.

मग खुणा. देवळाला त्रिकोण आणि वर झेंडा, मोरीला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या रेघा, कमानीला कमान. सहा-सातपेक्षा जास्त खुणा झाल्या की नकाशा जत्रेसारखा दिसायला लागतो. शेवटी फाट्यापासून गेटपर्यंत जायचा रस्ता वेगळ्या रंगाने किंवा बाणांनी गिरवा.

कोणत्या खुणा धराव्यात?

पत्रिका छापल्यापासून लग्नापर्यंत दोन-अडीच महिने जातात. तेवढ्यात हलणार नाही, आणि चालत्या गाडीतून दिसेल, ती खूण चांगली. देऊळ, जिल्हा परिषदेची शाळा, गावाची कमान, पाण्याची उंच टाकी, पेट्रोल पंप, ओढ्यावरची मोरी. यातलं काहीही सहसा हलत नाही आणि गावातल्या कुणालाही विचारता येतं.

फ्लेक्स, पानटपरी, रसवंती, ‘नवीन बांधकाम’, पिवळा जेसीबी या सगळ्यांवर फुली. रसवंती तर उन्हाळ्यापुरतीच असते. झाडाचं थोडं वेगळं आहे. पार बांधलेला एकटा वड उत्तम खूण आहे, पण “आंब्याच्या झाडापाशी वळा” असं लिहिलंत तर मुळशीत कोणत्या आंब्यापाशी हा प्रश्न उरतो. देवळाच्या बाबतीतही जरा जपून. ‘मारुतीचं देऊळ’ जवळजवळ प्रत्येक गावात आहे, काही ठिकाणी दोन आहेत. म्हणून ‘कमानीनंतरचं पहिलं मारुतीचं देऊळ’ असं लिहा.

रिसेप्शन संध्याकाळी असेल तर ती यादी हातात घेऊन रात्री आठला एकदा त्या रस्त्याने जा. दिवसा लांबून दिसणारी टाकी अंधारात नाहीशी होते. शाळेला दिवा नसतो. देवळाच्या कळसावर बहुधा दिवा असतो, पेट्रोल पंप तर उजळलेलाच असतो. मोरीचे कठडे पांढरे रंगवलेले असले तर हेडलाइटमध्ये ठसठशीत दिसतात. आमच्या उदाहरणात शाळा वगळून मोरी ठेवली ती याचसाठी.

रस्त्याचं वर्णन शब्दांत कसं लिहायचं? एक नमुना द्याल का?

एका ओळीत एकच वळण. प्रत्येक ओळीत चार गोष्टी, याच क्रमाने : किती अंतर, काय दिसेल, कुठे वळायचं, आणि वळल्यावर बरोबर आहोत हे कशावरून कळेल. यजमानांनी मला पाठवलेला मूळ मजकूर असा होता :

“घोटवडे फाट्यावरून पुढे आल्यावर गावात शिरून देवळाच्या बाजूने ओढा ओलांडून आत फार्महाऊस आहे.”

वाक्य खोटं नाही. ज्याला रस्ता माहीत आहे त्याला ते पटकन पटतंही. नवख्या माणसाला मात्र त्यात चार प्रश्न पडतात : पुढे म्हणजे किती, गावात कुठून शिरायचं, देवळाच्या कोणत्या बाजूने, आणि ओढ्यानंतर सरळ की वळून? जाऊन, मोजून, आम्ही ते असं केलं :

> पुण्याकडून : चांदणी चौक – भूगाव – पिरंगुट – घोटवडे फाटा. फाट्यावर न वळता सरळ, पौडच्या दिशेने.
>
> मुंबईकडून (हिंजवडी–घोटवडेमार्गे) : घोटवडे फाट्यावर मोठ्या रस्त्याला लागताना उजवीकडे, पौडच्या दिशेने.
>
> फाट्यापासून सर्वांसाठी (एकूण पावणेपाच किमी) :
>
> १. अडीच किमीवर डाव्या हाताला एसटीचा पत्र्याचा थांबा व त्याला लागून गावाची कमान. कमानीतून डावीकडे आत.
>
> २. पाऊण किमीवर उजव्या हाताला मारुतीचे देऊळ. येथे रस्त्याला दोन फाटे फुटतात, डावा घ्यावा. देऊळ उजव्या हाताला राहते.
>
> ३. एक किमीवर ओढ्याची मोरी (पांढरे कठडे). मोरी ओलांडताच उजवीकडे कच्चा रस्ता. समोर पाण्याची टाकी आली, तर वळण मागे राहिले.
>
> ४. कच्च्या रस्त्याने तीनशे मीटर. डाव्या हाताला निळे लोखंडी गेट. गाड्या गेटच्या आत लावाव्यात.

तिसऱ्या क्रमांकातलं शेवटचं वाक्य पाहा. सगळा मजकूर कापावा लागला तरी मी ते वाक्य कापणार नाही. चुकलेल्या माणसाला आपण चुकलोय हेच मुळी कळत नसतं. तो “अजून थोडं पुढे असेल” म्हणत चार किलोमीटर जातो. टाकी दिसली की थांबायचं, हे आधी सांगितलेलं असलं तर तो दोनशे मीटरमध्येच वळतो. प्रत्येक वळणाला असं वाक्य नको. जे वळण सगळ्यात सहज हुकतं, तेवढ्यालाच द्या.

‘डावीकडे’ आणि ‘डाव्या हाताला’ यातला फरकही पाळा. वळायचं असेल तिथे ‘डावीकडे’, नुसतं दिसणार असेल तिथे ‘डाव्या हाताला’. एकदा हा नियम धरला की वाचणाऱ्यालाही नकळत तो समजतो.

वराकडची मंडळी माणगावहून ताम्हिणी घाटाने येणार आहेत. त्यांनाही हेच वर्णन चालेल?

नाही. हे शेवटच्या क्षणी लक्षात येतं, कारण पत्रिका बहुधा एकाच बाजूची मंडळी तयार करतात.

ताम्हिणीकडून येणारे पौड ओलांडून उलट्या दिशेने येतात. कमान त्यांच्या उजव्या हाताला येते आणि घोटवडे फाटा लागायच्या आधीच त्यांना वळायचं असतं. वरचं वर्णन वाचत ते आले तर ते आधी फाटा शोधत जातील, मग तिथून परत फिरतील. त्यांच्यासाठी वेगळी ओळ :

> माणगाव–ताम्हिणीकडून : पौड सोडल्यावर पुण्याच्या दिशेने. उजव्या हाताला गावाची कमान, तेथून उजवीकडे आत. पुढे क्र. २ पासून वाचावे. घोटवडे फाटा आला, तर अडीच किमी पुढे आलात.

पुण्याच्या पाहुण्यांचं सुरुवातीचं ठिकाण इथे चुकल्याची खूण झालं. नकाशात वरच्या टोकाला ‘पौड, ताम्हिणीकडून’ असा खाली येणारा बाणही काढा. दोन्ही घरांच्या पत्रिका वेगळ्या छापणार असाल, तर वराकडच्या पत्रिकेत ही ओळ सगळ्यात वर घ्या.

अंतरं कशी मोजायची? अ‍ॅपवरून घेतली तर?

गाडीच्या ट्रिप मीटरवरून मोजा. पाहुण्यांकडेही तेच असणार. फाट्यावर शून्य करा, प्रत्येक वळणाला आकडा लिहा, पुन्हा शून्य करा. आमचे आकडे आले २.६, ०.८, १.१ आणि ०.३. बेरीज ४.८.

छापताना मी ते अडीच, पाऊण, एक आणि तीनशे मीटर असे केले. अंतर नेहमी थोडं कमी करून लिहावं. कमी लिहिलं तर माणूस वळणाच्या जरा आधीच इकडेतिकडे बघायला लागतो. जास्त लिहिलं तर तो वळण ओलांडून मग शोधायला लागतो.

अडीच, पाऊण, सव्वा हे शब्दांत लिहिण्यामागे छपाईचंही कारण आहे. बऱ्याच छापखान्यांत अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात. तुमचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर तिथे एकतर बदलून घेतला जातो किंवा पुन्हा टाइप होतो. त्यात दशांशाचं टिंब गळलं की २.६ चे २६ होतात आणि प्रूफ वाचताना कुणाच्या लक्षात येत नाही, कारण सगळे नातेवाईकांची नावं तपासण्यात दंग असतात. ‘अडीच’चं असं काही होत नाही.

छापताना नकाशा बिघडू नये म्हणून काय सांगायचं?

पेन्सिलीच्या चित्राचा फोटो तसाच छापू नका, करड्या डागांसकट येतो. ऑपरेटरला तो खाली ठेवून वरून रेघा पुन्हा ओढायला सांगा. देवनागरी अक्षर आठ पॉइंटच्या खाली नेऊ नका. लहान अक्षरांत मात्रा आणि रफार शाईने भरून जातात, ‘मोरी’ आणि ‘मारी’ सारखेच दिसतात. स्क्रीन प्रिंटिंग असेल तर केसासारख्या रेघा तुटतात, म्हणून तुटक रेघसुद्धा जाड ठेवा.

सोनेरी फॉइल श्रीगणेशासाठी राखून ठेवा. मरून कागदावर सोनेरी नकाशा हॉलच्या उजेडात सुंदर दिसतो आणि गाडीत दिव्याखाली नुसता चकाकतो. नकाशा पांढऱ्या किंवा फिक्या कागदावर काळ्या रंगातच हवा. वेगळं छोटं कार्ड करून पत्रिकेत घातलंत तर सर्वांत उत्तम. पाहुणे ते काढून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवतात, पत्रिका घरी देवापाशी राहते.

क्यूआर कोड टाकावा का?

टाका, पण नकाशाच्या जोडीला. कोड निदान दोन सेंटिमीटरचा हवा, काळा-पांढरा, आणि भोवती कोरी जागा सोडलेली. सजावटीची वेलबुट्टी त्याला चिकटली की फोनला तो वाचता येत नाही. फुकट कोड बनवून देणाऱ्या काही साइट मध्ये स्वतःची लिंक घालतात आणि काही आठवड्यांनी ती बंद करून पैसे मागतात. पत्रिका तोपर्यंत वाटून झालेल्या असतात. म्हणून कोडमध्ये गेटचे अक्षांश-रेखांश थेट घाला, या साच्यात :

```
https://www.google.com/maps?q=18.5000,73.6500
```

हे आकडे फक्त नमुन्याचे आहेत, तिथे आपल्या गेटचे घाला. दशांशानंतर चार आकडे दिलेत तर जागा दहा-बारा मीटरच्या आत पक्की होते, गेटसाठी तेवढं पुरतं. प्रूफ आल्यावर कोड कागदावरून स्कॅन करून पाहा. स्क्रीनवर चाललेला कोड कागदावर चालेलच असं नाही.

सगळं तयार आहे. बरोबर आहे हे कसं कळणार?

ज्याने ते फार्महाऊस कधी पाहिलेलं नाही अशा एखाद्या माणसाला गाडी चालवायला द्या. तुम्ही शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. हेच सगळ्यात कठीण आहे. तो कुठे गाडी हळू करतो, कुठे दोनदा कागद बघतो, ते फक्त टिपून घ्या. आमच्या उदाहरणात चालवणारा देवळापाशी थांबला. पहिल्या मसुद्यात ‘देवळावरून डावीकडे’ एवढंच होतं. देवळाच्या अंगणात गाड्या लावायची जागाही डावीकडेच होती, तो तिथे वळला. ‘रस्त्याला दोन फाटे फुटतात; देऊळ उजव्या हाताला राहते’ हे शब्द त्या फेरीनंतर आले.

जमलं तर लग्न ज्या वारी आहे त्याच वारी आणि त्याच वेळी जा. मुहूर्त रविवारी सकाळचा असेल आणि तुम्ही मंगळवारी दुपारी फेरी मारलीत, तर भूगावातल्या गर्दीचा अंदाज येणार नाही. पावसाळी शनिवार-रविवारी तर मुळशीकडे जाणारे सहलीवाले त्याच रस्त्यावर असतात. जेवढा वेळ लागला त्यावर पाव तास चढवा आणि ‘चांदणी चौकातून अमुक वाजता निघावे’ असं छापा. ११ वाजून ४७ मिनिटांच्या मुहूर्तासाठी किती वाजता निघायचं, हे गणित पाहुण्यांवर सोडलंत तर अक्षता पडताना निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

मदतीसाठी कुणाचा फोन नंबर द्यावा?

वधूपित्याचा नको, मामांचाही नको. मुहूर्ताच्या तासाभरात ते फोन उचलत नाहीत, उचलला तर ऐकू जात नाही. रस्ता तोंडपाठ असलेल्या आणि विधींत काम नसलेल्या दोघांचे नंबर द्या, वेगवेगळ्या कंपनीचे. नंबरांवर ‘फक्त रस्त्यासाठी’ असं लिहा. या दोघांकडेही छापलेलं कार्ड असू द्या, म्हणजे “तुम्ही क्रमांक तीनवर आहात का?” असं विचारता येतं.

रस्त्यावर बाणांचे बोर्ड लावणारच आहोत, मग एवढं सगळं लागतं का?

लागतं, पण बोर्ड लावाच. दाट तिथीला त्या रस्त्यावर दहा लग्नं असतात आणि प्रत्येकाचा बाण सारखाच असतो. बोर्डावर वधू-वरांची दोन्ही आडनावं मोठ्या अक्षरांत हवीत आणि पत्रिकेत त्याच क्रमाने. बोर्ड वळणाच्या आधी शंभर मीटरवर एक, आणि वळल्यावर लगेच एक. दुसऱ्याने माणसाच्या जिवात जीव येतो. झाडाला खिळे ठोकू नका, बांबू रोवा. आणि आदल्या रात्री लावून निवांत झोपू नका. मी एकदा सकाळी गेलो तर बाण जागेवर होता, फक्त वाऱ्याने उलटीकडे फिरला होता.

पत्रिका वाटून झाल्या आणि आता ओढ्यावरची मोरी खोदली आहे. काय करायचं?

नवा नकाशा काढून पाठवू नका. लोकांकडे दोन नकाशे झाले की त्यातला जुनाच गाडीत येतो. जुन्या कार्डातली नेमकी कोणती ओळ बदलली तेवढंच कळवा, क्रमांकासकट, आणि आदल्या संध्याकाळी पाठवा. आठवडाभर आधी आलेला निरोप शुभेच्छांच्या फोटोंखाली गाडला जातो. आम्ही एकांना असा निरोप लिहून दिला होता :

> उद्याच्या लग्नासाठी : कार्डावरील क्र. २ ते ४ बदलले आहेत. मोरीचे काम चालू आहे. देवळापाशी डावा रस्ता न घेता उजवा घ्यावा. दीड किमीवर पाण्याची टाकी लागेल. टाकीपाशी डावीकडे वळून चारशे मीटर, निळे गेट उजव्या हाताला. क्र. १ पूर्वीप्रमाणेच. देवळापाशी पांढऱ्या टोपीतला आमचा माणूस सकाळी नऊपासून उभा असेल.

निरोप न वाचलेलेही येणारच होते. त्यांच्यासाठी तो टोपीवाला माणूस होता, आणि त्याला नाश्ता देवळापाशीच पोचवला.